निर्णय बाकी: एक

रजेवर जाण्याआधीचा शेवटचा दिवस. सकाळी सव्वाअकराला मॅनेजरबाईंनी आपलीच हँडओव्हर नोट उघडली आणि त्यांचं डोकं सणकलं.

लेकीच्या बाळंतपणासाठी दीड महिना रजा घ्यायची, तर मागे कुणाची फरफट होऊ नये, म्हणून चार दिवस खपून लिहिलेली नोट होती ती. हॉस्पिटलच्या औषध विभागाचं नवं सॉफ्टवेअर पंधरा दिवसांनी सुरू व्हायचं होतं. उरलेली कामं एकोणीस, आणि बाकी निर्णय फक्त एक. पण तो जिवावरचा. पेशंटला कुठलं औषध चालत नाही, हे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याच्या चौकटीत ज्याला जसं सुचलं तसं टाइप केलेलं होतं. नव्यात त्यासाठी वेगळा रकाना होता, आणि डेटा हलवताना हे शेरे गळून पडत होते. असे नऊ हजार. माणसांनी एकेक वाचून भरायचे, तर तारीख तीन आठवडे पुढे जाणार. नाही भरले, तर कुणाला नको ते औषध दिलं जाताना स्क्रीन गप्प बसणार. त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं: 'तारीख पुढे न्यायची का? निर्णय साहेबांनी हॉस्पिटलशी बोलून घ्यायचा. पाच आठवडे झाले, अजून अडकलेला.'

आता तो भागच गायब होता. उरलेली कामं मात्र वीस झाली होती. विसावं असं: 'ॲलर्जीच्या नोंदी तपासणे. जबाबदार: टेस्टर. मुदत: शुक्रवार.'

टेस्टर म्हणजे भिंग. तिच्या नजरेतून चूक सुटत नाही, म्हणून ऑफिसने ठेवलेलं नाव. दोन मुलांची आई, नोकरी कंत्राटावर. नऊ हजार शेरे तिने एकटीने चार दिवसांत वाचायचे! बदल कुणी केला, तेही फाइलीत दिसत होतं. साहेब, काल संध्याकाळी.

मॅनेजरबाई तडक केबिनमध्ये शिरल्या. दार वाजवायचं भानही उरलं नव्हतं.

"साहेब, मी निर्णय लिहिला होता, त्याचं काम कसं काय झालं?"

"अहो मॅडम, ही नोट हॉस्पिटलवाले वाचणार. 'निर्णय बाकी' दिसलं की बिथरतात. काम म्हणून लिहिलं की कुणीतरी करून टाकतं."

"करून टाकतं? काम फसलं तर भिंगच्या माथी, निर्णय फसला तर तुमच्या. एवढ्यासाठीच बदललंत ना?"

"आवाज खाली," साहेब म्हणाले, आणि मग हसले. "रजेवर निघालात ना? आनंदाने जा. नातवंडाचं तोंड बघा."

त्या हसण्याने तर त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

बाराला हँडओव्हरची मीटिंग सुरू झाली. स्क्रीनवर हॉस्पिटलचे मुख्य फार्मासिस्ट, टेबलाशी साहेब, मॅनेजरबाई आणि भिंग. साहेब गोड आवाजात एकेक काम वाचत गेले. "वीस. ॲलर्जीच्या नोंदी. टेस्टर बघतायत, सुरू आहे."

भिंगने दचकून वर पाहिलं. तिला हे आत्ताच कळत होतं.

"सुरू नाही," मॅनेजरबाई म्हणाल्या. "आणि ते काम नाही. निर्णय आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं, शेऱ्यांपासून तारखेपर्यंत, आणि नोटेतला कालचा बदलही. साहेबांनी मधे दोनदा घसा खाकरला. त्या थांबल्या नाहीत.

फार्मासिस्ट कॅमेऱ्याकडे वाकले. "हे मला आज कळतंय?"

"आमचा अंतर्गत विषय होता, म्हणून—" साहेब सुरू झाले.

"माझ्या पेशंटच्या जिवात तुमचं अंतर्गत काय आलं? तारीख थांबवा. नोंदी आमचे फार्मासिस्ट वाचतील. तुमच्या टेस्टरला औषधांचं काय कळणार?"

स्क्रीन बंद झाला. साहेबांनी लॅपटॉप काखेत मारला. "परत आल्यावर बोलू," ते म्हणाले. म्हणजे परत आल्यावर खुर्ची असेलच असं नाही.

"बोलू," मॅनेजरबाई म्हणाल्या. भीती वाटत होती, पण छाती फुगलीही होती. त्यांनी भिंगकडे पाहिलं. ती आता आभार मानेल, असं त्यांना वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

भिंगचा चेहरा लालबुंद झाला होता. "ताई, पाच आठवडे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, साहेबांना सहा मेल केले मी."

"साहेबांना. आणि फार्मासिस्टना? दर मंगळवारी बोलत होतात ना त्यांच्याशी?"

"तसं वरिष्ठांना डावलून..."

"आज डावललंतच की. काल साहेबांनी नोटेला हात लावला नसता, तुमचा शब्द तसाच ठेवला असता, तर बोलला असतात आज?"

मॅनेजरबाईंकडे उत्तरं पुष्कळ होती. शिस्त, पायरी, योग्य वेळ. सकाळपर्यंत त्यांचा त्या सगळ्यांवर विश्वासही होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "सातवा मेल केला असता आणि गाडीत बसले असते."

भिंग उठून आपल्या जागेवर गेली. मॅनेजरबाई रिकाम्या टेबलाशी बसून राहिल्या. साहेबांचा राग अजून तितकाच येत होता, पण आता तो एकट्या साहेबांचा येत नव्हता.