चार पडद्यांवरचा भाव

काउंटरवर चार पडदे होते. मामाच्या दुकानाचा फलक : ९,१८२. माझा लॅपटॉप : ९,२०४. ड्रायव्हरकाकांचा फोन : ९,२०६. फोनवरून सल्ला देणाऱ्या त्यांच्या मुलाने मामाच्या फोनवर पाठवलेलं चित्र : ९,२३१. चारही दर बावीस कॅरेटचे, ग्रॅममागे, आणि सगळे आत्ताचेच म्हणून सांगितलेले.

मधोमध कापडावर काकूंची साखळी होती. काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. नातीच्या वसतिगृहाची फी आज भरायची होती.

"शाळेपासूनचा मित्र तू, आणि सगळ्यांत कमी भाव तुझाच?" काका हसत म्हणाले, पण बोट साखळीवरून हलेना.

"माझ्यावर काय ओरडतोस? फलक हिने बसवलाय," मामाने माझ्याकडे हात केला. "शास्त्र शिकलीये. विचार तिला."

मी सांगितलं. माझ्या लॅपटॉपवरची साइट घाऊक व्यापाऱ्यांचा खरेदीदर आणि विक्रीदर घेऊन मधला आकडा दाखवते. तुमच्या फोनवरची साइटही तेच करते, पण आकडा मिनिटाला एकदाच बदलते आणि डॉलरचा भाव दुसरीकडून उचलते, म्हणून दोनचा फरक. मुलाने पाठवलेला दर वायद्याचा आहे, पुढच्या महिन्यात द्यायच्या सोन्याचा, तोही पंधरा मिनिटं जुना.

"आणि हा?" काकांनी फलकाकडे बोट केलं.

"व्यापारी मामाकडून ज्या भावाने घेतो, तो. तुम्हालाही तोच मिळतो, पुढे काही कापत नाही."

खरा मिळणारा आकडाच लावायचा, हा हट्ट माझाच होता. मामा म्हणाला होता, मधला लाव, गिऱ्हाईक बिचकतं. मी ऐकलं नव्हतं.

"अप्पा, ते शब्दांत गुंडाळतायत," फोनमधून मुलगा म्हणाला. "चौकातल्या दुकानात फलकावर ९,२३१ आहे. समोरच बघतोय."

"थांब रे," मामा म्हणाला. "तिथे घट किती धरतात, वितळवताना वजनातून किती कापतात, ते तर विचार."

"तूही आता दुसऱ्याच्या दुकानाला नावं ठेवणार?" काका म्हणाले.

मी लॅपटॉप फिरवून दाखवला. तेवढ्यात आकडा ९,२०३ झाला.

"बघ, तुझाही टिकत नाही," काका म्हणाले. त्यांनी साखळी रुमालात बांधली, नेहमीसारखी मामाच्या पाठीवर थाप मारली नाही, आणि गेले.

तासाभराने मामाच्या फोनवर पावतीचं चित्र आलं. खाली लिहिलं होतं : 'फी भरली. साखळी वितळवली. एवढं बघून सांग, हिशेब बरोबर आहे ना?'

मामाने फोन माझ्याकडे सरकवला. मी चष्मा पुसून वाचलं.

साखळी १८.४६० ग्रॅम. घट तीन टक्के, ०.५५४ ग्रॅम. दर ९,२३१. मूळ वजनावर, ग्रॅममागे ८,९५४.