सातव्या गाठीचा भोपळा

“बारा गाठी पडल्या की मी दारात उभी, बघ!”

आईचा तो आवाज विरूपाक्षच्या कानात पुढं कितीतरी वर्षं वाजत राहिला. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा फाल्गुन होता. पाच वर्षांच्या विरूला तीनच्या पुढं मोजता येत नव्हतं. त्याची आई गौरम्मा बहिणीच्या बाळंतपणाला अक्कलकोटला निघाली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी नको म्हणून सोलापुरातल्या घराच्या अंगणात भोपळ्याचं बी लावून गेली.

बी रात्रभर भिजवलेलं. डालड्याच्या डब्याला तळाशी भोकं, आत माती, वाळू आणि शेणखत. बोटाच्या एका पेराएवढ्या खोल तिनं बी आडवं सरकवलं.

हातमागावर उभा जन्म घालवलेल्या तिप्पण्णा अज्जानं तिच्यासमोरच नातवाला सुताचा दोरा दिला. “रोज उठलास की एक गाठ. सातव्या गाठीला उगवतंय. पन उकरायचं न्हाय हां!”

विरू गाठ मारी आणि डब्याभोवती गिरक्या घेई:

“गाठीमागं गाठ,
बियाण्या, धर वाट!”

“अरं, ओंजळभरच पानी! बुडवून मारतोस व्हय?” अज्जा ओरडे.

चार, पाच, सहा. रोज एक नवा आकडा जिभेवर यायचा आणि विरू तो गल्लीभर ओरडत सुटायचा. सातव्या दिवशी तो तोंडही न धुता डब्याशी बसला. माती गप्प. आठवी गाठ, नववी गाठ. माती गप्पच.

शेजारची चंद्रव्वा हसली, “एका दिवसाला दोन गाठी मारल्यास की रं, लबाडा!”

दहावी गाठ मारून विरू अज्जाला येऊन बिलगला. “अज्जा, माजं मोजनंच चुकलं. मग आईबी बाराला यायची न्हाय.”

अज्जानं पानाचा डबा उघडला आणि पान न लावताच मिटला.

अकराव्या सकाळी माती तडकली! फटीतून फिकट हिरवी मान कमान करून वर आली होती; डोकं अजून मातीतच अडकलेलं. विरू नाचला, कोंबडी उडाली, चंद्रव्वाची घागर सांडली. नाचता नाचता तो थांबला. दोरा चाचपला.

“पन हे तर अकरा.”

आता अज्जाला राहवेना.

“विरू, तुजं मोजनं बरोबर हाय. चौथ्या गाठीला, तू भाईर खेळत हुतास तवा, मीच उकरलं. मला दम निगंना की रं! पांढरं मूळ फुटलंवतं, माज्या बोटानं मोडलं. दुसरं बी दिवसभर भिजवलं नि तिन्हीसांजंला गुपचूप लावलं. चौथ्या गाठीच्या फुडनं मोज.”

विरूनं बोट सरकवलं. एक, दोन, तीन... सात!

“मग आई?”

“उद्या,” अज्जा म्हणाला. “लई लाज वाटली म्हनून सांगितलं न्हाय. तिला तरी सांगू नगंस.”