तिसाव्या ओळीचं पान

महिपत माझा धाकटा भाऊ. बांधाची गोष्ट निघाली की डोक्यात राख घालून घेतो. बांधापलीकडं ज्ञानेश्वर, आमचा चुलतभाऊ. बांध कोणी किती खाल्ला, यावरून दोघांचं दहा वर्षं वाकडं. राखी मी दोघांनाबी बांधते, आणि दोघांच्या शिव्या मीच ऐकते.

यंदा भातानंतर आमी धसईच्या अलीकडं तीस ओळी भेंडी लावली. तोडा तोंडावर आला आणि पानं वळायला लागली. धसईला औषधांच्या दुकानात प्रेमा बसते, शेतकीचं शिकलेली. तिला एका पानाचा फोटो पाठवला तर तिनं झापलं मला. "एका पानावरून काय सांगू, सकुताई? पयल्या ओळीतलं एक झाड घ्या, मग दर पाचव्या ओळीतलं. शेंड्यापासून तिसरं पान, सगळीकडं तेच. खालचं जुनं नको, ते वयानंच पिवळं पडतं. मागं पांढरा कागद धरा, सावलीत काढा, पान उलटूनबी काढा. ओळीचा नंबर लिहा."

सकाळी सात झाडांचे फोटो काढले. तुलनेला म्हणून ज्ञानेश्वरच्या भेंडीच्या एका झाडाचाबी काढला. सगळे पाठवले, मोबाईल ओट्यावर ठेवला आणि चुलीकडं गेले. इथंच माझं चुकलं.

महिपतनं मोबाईल उचलला. दोनच फोटो बघितले मेल्यानं. आमच्या पयल्या ओळीचं वाकडं पान आणि ज्ञानेश्वरचं हिरवंगार.

"त्याचं हिरवं, माझं जळालं. पानं वळायच्या आधी फवारणीचा पंप घेऊन बांधावर तोच होता," म्हणाला. कुडात खोवलेला कोयता काढला आणि गेला.

मी मोबाईल घेऊन मागं पळाले. वाटेत प्रेमाचा फोन.

"ताई, हा पिवळ्या शिरांचा रोग वाटत नाय. त्यात शिरांची पिवळी जाळी दिसते, झाडं इकडं तिकडं विखरून धरतात. इथं पान अरुंद झालंय, वाटीसारखं वळलंय, शिरा एकमेकींना चिकटल्यात. रुंद पानाचं तण जाळायचं औषध लागल्यागत दिसतंय. फोटोवरून शपथ नाय घेणार मी. पण तीस नंबरचं पान सगळ्यात निरोगी आहे. ती ओळ कुठं येते?"

"ज्ञानेश्वरच्या बांधाला," मी म्हणाले.

"मग औषध तिकडून उडालं असतं तर तीच आधी गेली असती. एक नंबर सगळ्यात वाईट, पुढं पुढं पान सुधारतंय. किडीचं औषध मारताना पंप पयला कुठं रिकामा केला?"

विहिरीकडनं, पयल्या ओळीपासनं. तीन पंप मारले होते महिपतनं. आणि त्याच्या आदल्या दिवशी खळ्यामागचं काँग्रेस गवत त्यानं त्याच पंपानं तणाचं औषध मारून जाळलं होतं. पंप धुतला नव्हता. दर भरणीला पंप आतून आपोआप धुतला गेला, म्हणून शेवटच्या ओळी वाचल्या.

पोचले तेव्हा ज्ञानेश्वर आडवा पडला होता. डोक्यावर धरलेला उजवा हात मनगटाच्या वर उघडा पडलेला, आतलं पांढरं दिसत होतं. महिपतनं त्याच्या बरगडीत लाथ घातली, पुन्हा घातली. मग कोयता उचलला.

"थांब रे, तूच जाळलंस," मी ओरडले. "पंप तूच नाय धुतलास."

त्यानं ऐकलं नाय. बांधावर भेंडीच्या आधाराची काठी होती. ती मी दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर हाणली. हाड वाजलं. कोयता पडला तसा तो माझ्या अंगावर आला, झिंज्या धरून मला खाली लोळवलं. मी चावले त्याला, रक्त येईस्तो चावले. मग मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला आणि एकेक पान दाखवलं, एक नंबरपासून तीसपर्यंत. तिसाव्यापाशी माझ्या झिंज्यांतला त्याचा हात सुटला. तो खाली बसला आणि ज्ञानेश्वरच्या रक्तात हात टेकला, त्याला कळलंबी नाय.

मुरबाडला डॉक्टरांनी ज्ञानेश्वरच्या हाताला टाके घातले. म्हणाले, आतल्या दोऱ्या तुटल्यात, बोटं मिटणं कठीण. महिपत तोवर पोलिसांना सांगून बसला होता की ज्ञानेश्वरनंच विष मारलं, पयला हातबी त्यानंच उचलला. माय आमची, धोंडीबाई, माझ्या पाया पडली. "दोनच फोटो दाखव गो. बाकीचे पुसून टाक. पोर आत जाईल माझं."

माझा जीव तुटला. महिपतला मी कडेवर वाढवलाय. पण महिपत कोयता घेऊन गेला त्या सकाळी ज्ञानेश्वर नुसता भेंडीला पाणी सोडत होता. मी आठी झाडांचे फोटो हवालदाराला पाठवले आणि पंपाचं खरं सांगितलं. महिपत माझ्याकडं बघून थुंकला.

आता एक दिवसाआड सकाळी मी बांध ओलांडते आणि ज्ञानेश्वरची भेंडी तोडते. त्याची बायको भूमिका मला हाकलते, शिव्या घालते. मी तोडत राहते. ज्ञानेश्वर ओट्यावर बसून बघतो. परवा मी पाटी भरून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं एक भेंडी उचलायला हात पुढं केला, आणि ती त्याला धरता आली नाय.