सत्ताविसाव्या प्रश्नाची हरकत

वर्षाराणीवर माझा इतका विश्वास होता की तिच्या हातात चिठ्ठी देताना मी घडीसुद्धा नीट घातली नव्हती. आज कुणी मला साधा स्केल मागितला तरी मी दोनदा विचार करते.

आम्ही दोघी लातूरला अकरावीच्या क्लासला. मी हदगावची, ती रेणापूरची. एकाच खोलीत राहायचो, एकाच डब्यात जेवायचो. आमच्या वर्गात एकशेवीस पोरं. मागच्या बाकावरून फळ्यावरचा घातांक दिसत नाही आणि शंका विचारायची तर रांगेत तासभर उभं राहायचं. पण दिवाळीनंतर परीक्षा घेऊन तीस जणांची खास तुकडी निघते. तिला स्वतः रामलिंग सर रोज शिकवतात, वह्या स्वतः तपासतात. त्या तिसात यायचं, एवढंच मी जूनपासून धरून बसले होते.

शनिवारी दुपारी कच्ची यादी लागली, शेजारी उत्तरतालिका. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. वर्षाराणी एकशे एकतीस गुणांवर तिसावी. मी एकशे एकोणतीसवर एकतिसावी. तोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच.

मी तालिका पुन्हा पुन्हा बघितली आणि सत्ताविसाव्या प्रश्नावर अडकले. वर्तुळ x² + y² = 20, रेषा 2x + y = 10. दोन्ही किती बिंदूंत मिळतात? मी लिहिलं होतं एक. तालिकेत होतं दोन.

"वर्षे, ही चुकलेत," मी खोलीवर येऊन म्हणाले.

"क्लासवाले कशाला चुकतील? चित्र काढ की. रेषा वर्तुळात घुसल्यासारखीच दिसती."

"चित्राचं नको ऐकू. पेनाची जाडीच फसवती." मी वही उघडली. "रेषेवरून y म्हणजे 10 − 2x. ती किंमत वर्तुळात घाल. x² + (10 − 2x)² = 20. आता कंस नीट सोडव. शंभर वजा चाळीस x अधिक चार x²."

ती माझ्या पेनाच्या टोकाकडं बघत होती. मी पुढं लिहीत गेले. 5x² − 40x + 80 = 0. पाचनं भागलं की x² − 8x + 16 = 0.

"विवेचक काढ," मी म्हणाले.

"चौसष्ट वजा चौसष्ट. शून्य."

"मंग x एकच. चार. y दोन. रेषा वर्तुळाला फक्त (4, 2) पाशी शिवती. स्पर्शिका हाय ती."

"आन् विवेचक शून्य नसता तर?"

म्हणून मी तिला तेही करून दाखवलं. दहाच्या जागी पाच घातलं की x² − 4x + 1 = 0, विवेचक बारा, धन; रेषा वर्तुळाला दोन ठिकाणी कापते. बारा घातलं की 5x² − 48x + 124 = 0, विवेचक वजा एकशे शहात्तर; असा x मिळतच नाही, रेषा वर्तुळाच्या बाहेरूनच जाते. मी हातातली बांगडी काढून कागदावर ठेवली आणि स्केल हळूहळू सरकवत नेला. दोन, मग एक, मग काहीच नाही. गेल्या वर्षीच्या पेपरात पाच होतं, हे मला तेव्हाच आठवलं. यांनी पाचाचं दहा केलं आणि तालिका जुनीच ठेवली.

"तुझं काय उत्तर हाय?" मी विचारलं.

तिनं कागदावरची बांगडी उचलून माझ्या हातात दिली. "एकच. तुझ्यावाणीच."

मला काय आनंद झाला! तालिका सुधारली की दोघींना पाच-पाच गुण वाढतील, वरचे दोघं-तिघं खाली येतील आणि आम्ही दोघीही तिसात बसू. असा सरळ हिशेब मी मांडला.

क्लासचा नियम असा की हरकत कागदावर, सहीनिशी, रविवारी दहा ते बारा याच वेळात कचेरीतल्या पेटीत टाकायची. फोनवरची धरत नाहीत. पक्की यादी लागली की संपलं. आणि माझ्या ताईचा साखरपुडा रविवारीच, हदगावला. मी शनिवारची संध्याकाळची बस धरणार होते. सगळ्या पायऱ्या लिहून, सही करून चिठ्ठी मी वर्षाराणीला दिली.

"इसरू नकोस गं."

"लई काळजी करून राहिलीस तू. टाकते म्हणलं ना."

सोमवारी दुपारी परतले तर पक्की यादी लागलेली. ती तिसावी, मी एकतिसावी. गुणसुद्धा तेच.

"टाकली होतीस ना?"

"हाव. सरांनी नाकारली आसंल."

मी तिच्यावर नाही, स्वतःवर शंका घेतली. ते वर्गसमीकरण मी पाच वेळा सोडवलं. पाचही वेळा शून्यच आलं, तरी मला वाटलं माझंच कुठंतरी चुकतंय. याचाच राग मला अजून जात नाही.

मंगळवारी रामलिंग सर पेपर समजावून सांगायला सगळ्या वर्गासमोर आले. सत्ताविसाव्याला त्यांनी यादी बघितली आणि वर्षाराणीला फळ्याशी बोलावलं. "खास तुकडीत आलीस ना? सोडव."

तिनं खडू घेतला. कंस नीट सोडवला, मधलं पद विसरली नाही, पाचनं भागलं, विवेचक शून्य काढला. (4, 2) लिहून दोन्ही समीकरणांत ताळाही करून दाखवला. माझ्याच पायऱ्या, त्याच क्रमानं.

सर फळ्याकडं बघत राहिले. मग हातातली तालिका बघितली. "अरे, हे तर एकच येतंय. तालिका चुकलीय आपली. आणि कुणी हरकत नाही घेतली?"

मी उभी राहिले. "घेतली होती सर. मी लिहून दिली होती."

"पेटी मी स्वतः उघडली, बाळ. गणिताची एकही चिठ्ठी नव्हती." त्यांनी गठ्ठ्यातून वर्षाराणीची उत्तरपत्रिका काढली. "आणि तू गं? इथं इतकं स्वच्छ सोडवतेस, पेपरात तर दोन लिहिलंयस."

दोन. म्हणजे तालिका सुधारली असती तर तिचे पाच कमी झाले असते आणि माझे पाच वाढले असते.

"पेपरात चुकलं सर. नंतर कळलं."

"कधी?"

ती खडूकडं बघत म्हणाली, "शनिवारी."

सरांनी चष्मा काढला, पुसला. पक्की यादी बदलली तर उद्या साठ पालक दारात येतील, असं काहीतरी ते म्हणाले. मला वाईट वाटतंय, असंही म्हणाले. मग अठ्ठाविसावा प्रश्न सुरू झाला.

संध्याकाळी ती खास तुकडीच्या वसतिगृहात जायला गादी गुंडाळत होती. मी दारात उभी राहिले. भांडायचं ठरवून आले होते, पण तोंडातून एवढंच निघालं, "का गं?"

तिनं गादीची दोरी बांधून घेतली, मग माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते, ते मला अजिबात आवडलं नाही.

"मला वाटत होतं माझं दोनच बरोबर हाय. तू नुसती चिठ्ठी दिली असतीस तर टाकली असती गं, खरंच. पण तू मला सगळं समजावून सांगितलंस."