सहा बगांची शिफारस

मुंबईच्या हेड ऑफिसने १९८८ साली फतवा काढला: बढतीच्या शिफारसपत्रात सहा महिन्यांत किती बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, पकडले तो आकडा हवा. माझं डोकंच फिरलं. रत्नागिरीच्या शाखेत आम्ही लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी हजेरीचे प्रोग्राम करायचो आणि ते तपासणाऱ्यांचा मी मॅनेजर. माझी ज्युनिअर टेस्टर, लांज्याची विमला, हिचा आकडा होता सहा. आधीच्या सहामाहीत एकेचाळीस.

तिला बढती कशाला हवी होती, ते मला पक्कं ठाऊक होतं. ज्युनिअरने फक्त चुका नोंदवायच्या. सीनिअरची सही नसेल तर मात्र प्रोग्रामची फ्लॉपी बाहेर जात नाही. गेल्या वर्षी तिने दाखवलं होतं, की रात्री दहाला आलेला कामगार सकाळी सहाला सुटतो, मधे तारीख बदलते आणि प्रोग्राम त्याला गैरहजर धरतो. मी घाईत होतो. 'पुढच्या फ्लॉपीत बघू' म्हणून सही ठोकली. अख्खी रात्रपाळी गैरहजर लागली. विमला आठवडाभर माझ्याकडे धड बघत नव्हती.

तर मी पत्र खरडलं. रात्रपाळीचा बग लिहिला, एकोणतीस फेब्रुवारी न ओळखणारा लिहिला, आणि सहाचे केले चोवीस. प्रत्येक बग चार फ्लॉप्यांवर तपासला होता, म्हणून चारदा मोजला. टाइप करण्याआधी तपशील बघायला तिच्याकडे दिलं.

ती नोंदवही घेऊन आली. "सर, सहाच आहेत."

"अगं, बढती जाईल तुझी."

"जाऊ दे. उद्या माझ्या वहीवर कोण विश्वास ठेवील?"

"मग कमी का झाले ते तरी सांग," मी खेकसलो.

"प्रोग्राम लिहायच्या आधीच मी आपल्या प्रोग्रामरना, श्यामरावांना, तपासण्यांची यादी देते. ते ती बघून लिहितात, मग चुका होतातच कमी. आणि नवीन फ्लॉपी आली की जुन्या तपासण्याही पुन्हा करून बघते."

सहा महिने हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी आकडे वाढवत बसलो होतो. लाज वाटली. पत्र नव्याने लिहिलं: बग सहा, कमी का ते असं, आणि रात्रपाळीचा बग तिने वेळेत दाखवला होता, तरी प्रोग्राम मी तसाच बाहेर पाठवला.

मुंबईहून हेड ऑफिसच्या गोपाळकृष्ण साहेबांचा फोन आला. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात की."

"घेतला. तिला बढती द्या."

तीन आठवड्यांनी बढतीची ऑर्डर आली. त्याच्या पुढच्याच सोमवारी कारखान्याची जीप फ्लॉपी न्यायला दारात उभी. मी फॉर्म विमलासमोर सरकवला.

"दोन जुन्या तपासण्या नापास आहेत, सर. सही नाही करत."

मी आरडाओरडा केला, जीप दाखवली, वरून फोन येतील म्हणालो. तिने पेनाला टोपण लावलं. राग होताच, पण खरं सांगतो, आतून बरं वाटत होतं. जीप रिकामी परत पाठवायला मीच खाली गेलो.