चॅप्टर

विशाखा मॅडमनी कॉलेजच्या पालकसभेत फळ्यावर शब्द लिहिले. मुलं मेसेजमध्ये वापरतात ते. पॉड म्हणजे वाफेची सिगारेट, माल म्हणजे गांजा, क्वार्टर दारूची, बटन म्हणजे नशेच्या गोळ्या. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "याचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नका. मुलं तिथंच असतात. शब्द महिन्यात बदलतात. मुलगा बदलतोय का, ते बघा. भरदुपारी झोपतोय, बोलताना जीभ जड होतेय, दप्तराला फळांच्या अर्काचा गोड वास येतोय..."

मी तोवर फोटो काढून मोकळी झाले होते. 'करमाडकर मंडळी' ग्रुपवर टाकलाही, खाली लिहिलं, 'सगळ्यांनी मुलांचे फोन तपासा.' नणंदेनं अंगठा दिला. शहाणपणाची मला भारी हौस.

आमचा सुदर्शन अकरावीत. त्याचा पासवर्ड मला माहीत. रोज त्याचा फोन उघडायचा आणि यादीतला शब्द शोधायचा, हा माझा नेम झाला. एकही सापडला नाही. अभ्यासाच्याच गप्पा. तो दुपारी झोपायचा, तर मला वाटायचं, पोरगं रात्री जागतंय. जेवताना शब्द अडखळायचे, तर म्हटलं, लाजरा आहे. मी शब्दांवर पहारा देत बसले आणि पोराकडे बघायचंच राहिलं.

रविवारी संध्याकाळी चहाला हाक मारली, तर तो उठेना. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, तरी नाही. श्वास हळू, ओठ निळसर. शेजारच्या काकासाहेबांनी गाडी काढली.

आता नळी घातली आहे. मशीन श्वास देतंय. डॉक्टर विचारत होते, "काय घेतलं, किती, कधी? लवकर सांगा." यादीतला एकही शब्द तर मला फोनमध्ये सापडला नव्हता. म्हणून त्याच्या मित्राला, मिहिरला बोलावलं. तो भिंतीला टेकून रडत होता.

"काकू, तुम्ही ग्रुपवर टाकलेली यादी सुदर्शननं आम्हाला दाखवली. मग आम्ही शब्द बदलले. बटनाला चॅप्टर म्हणायचं ठरलं. दारूला सरबत."

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही एकत्र? किती गोळ्या?"

"मला नाय माहीत, सर. आज त्याचा मेसेज दुसऱ्या कुणाला गेला असंल."

"चार," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघू लागले.

"'चार चॅप्टर झाले, वर सरबत.' एक वाजता पाठवलंय त्यानं. मी सव्वाला वाचलं."

"मग पाच वाजेपर्यंत काय केलंत?" डॉक्टर रागावले नव्हते, त्यांना फक्त वेळ लिहायची होती.

काय सांगू? चार धडे संपवून दमलाय, असं वाटलं मला. अंगावर चादर घातली, पंखा वाढवला आणि झोपमोड नको म्हणून दार हळूच लोटून घेतलं.