माल गल्लीत, बिल परराज्यात

‘कटक्!’

दुपारच्या शांततेत माझ्या स्टेपलरने तोफ डागली आणि पांघरुणातून दोन डोळे वर आले. सहा वर्षांच्या लेकीला झोपवायला पाऊण तास गेला होता. उठवायला एक पिन पुरली.

तेवढ्यात फोन वाजला. परराज्यातला व्यापारी. ताईच्या कारखान्यातून त्याने शाळेची दोनशे बाकं घेतली होती. ताई बाकं करते, मी तिची बिलं करते. बाक डगमगलं तर खिळा ठोकता येतो, बिलाला नाही, असं ती मला अधूनमधून ऐकवते.

“मॅडम, तुमच्या बिलावरचं माझं इनपुट क्रेडिट अडकलंय. तुम्हाला दिलेला कर माझ्या करातून वजाच होत नाही. पोर्टल म्हणतं, मिळणार नाही.”

“अहो, कर बरोबर आहे! बाकं आमच्याच राज्यात उतरली. मागच्या गल्लीतल्या शाळेत. टेम्पो मी गॅलरीतून पाहिलाय!”

“टेम्पो पाहिलात, बिलावरचं नाव नाही पाहिलंत. ऑर्डर माझी, बिल माझ्या नावावर. माझ्या सांगण्यावरून तुम्ही शाळेत उतरवलीत. मग पुरवठ्याचं ठिकाण माझं दुकान. आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य कर, लागायला हवा होता. तुमच्या राज्याचा कर लावलात, त्याचं मी काय लोणचं घालू?”

मी नियम उघडून पाहिला. शब्द न् शब्द त्याचा खरा. शाळेत मला भाषेत पैकीच्या पैकी मिळायचे. ‘ठिकाण’ म्हणजे माल जिथे उतरला ते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. हुशारी अशी नडते. मी ताईला फोन लावला.

“ताई, एक छोटीशी चूक झालीय.”

“तुझी छोटीशी किती आकडी?”

“सहा. एक लाख आठ हजार. चुकीचा भरलेला कर परत मागता येतो गं. पण बरोबरचा आधी भरावा लागतो. व्याज मात्र लागत नाही!”

“वा! व्याज नाही म्हणून तुझा सत्कार करू का? आणि परत कधी मिळणार?”

“अर्ज केल्यावर... बघतील.”

“लाकूड घेताना भरलेल्या कराचं आपलं क्रेडिट साठलं होतं ना? त्यातून भर.”

“गेल्या महिन्यात वापरून टाकलं. मीच.”

पलीकडे करवत थांबली.

“उद्या नव्या मशीनचे पैसे द्यायचे होते,” ताई हळूच म्हणाली. “जाऊ दे. कर भर, त्याला आजच दुरुस्त बिल पाठव. पुढची तीनशे बाकं त्याचीच आहेत, तो हातचा जायला नको. मशीनवाल्याला थांबवते मी. आणि रडू नकोस, पोर घाबरेल.”

मी कुठे रडत होते? नाक पुसत होते फक्त.

लेक गुडघे घासत मांडीवर आली. केसांना झोपेचा ऊबदार वास. तिने माझी हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवला.

“मावशी ओरडली?”

“नाही गं. तिचं नवं मशीन तेवढं लांबलं.”

“चूक तुझी ना?”

“माझीच.”

“मग मशीन मावशीचं का गेलं?”